मदत हवी आहे: अंगावर एकही गांध नाही, तरी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी? (रेस्टॉरंटवाल्यांसाठी ॲलर्जनची परीक्षा)

मिसळवाली
नमस्कार मंडळी. मी लेस्टरला शिकते आणि शुक्रवार-शनिवार एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये टेबलं सांभाळते. मालकांनी सगळ्यांना ॲलर्जनचा लेव्हल २ कोर्स करायला लावलाय, परीक्षा बुधवारी. सेलरी, लुपिनसकट चौदाही नावं पाठ झालीत. पण शनिवारी जे घडलं त्यानंतर पाठांतरावरचा विश्वासच उडालाय.

पंचविशीतली एक मुलगी मैत्रिणीबरोबर आली. "मला तीळ अजिबात चालत नाहीत," असं तिने आधीच सांगितलं. मी किचनमध्ये जाऊन विचारलं, "मिसळीत तीळ आहेत का हो?" शेफने कढईतून मान न काढता सांगितलं, "मिसळीत कुठले तीळ!" मीही तेच तिला सांगितलं.

पाच-सहा घास झाल्यावर ती सारखा घसा खाकरायला लागली. आवाज जाड झाला. मला वाटलं तर्री झोंबली, पाणी नेऊन दिलं. मग म्हणाली पोटात मुरडतंय, आणि उठून वॉशरूमला गेली. वाट मीच दाखवली! पाचेक मिनिटांनी मैत्रीण बघायला गेली तर ही फरशीवर बसलेली, पांढरीफटक, श्वासाला शिट्टीसारखा आवाज. मैत्रिणीने तिच्या पर्समधलं ॲड्रेनलीनच्या इंजेक्शनचं पेन मांडीत टोचलं, मी 999 ला फोन केला. रात्रभर हॉस्पिटलात राहून ती आता बरी आहे.

चोर नंतर सापडला. मालकांच्या बहिणीने कोल्हापूरहून पिशवीत आणलेला कांदा-लसूण मसाला. त्यात भाजून कुटलेले तीळ.

सराव पेपरात "गंभीर रिॲक्शन कशी ओळखाल" याला मी "अंगावर पुरळ" असं उत्तर दिलं आणि ते चुकलं. मग ओळखायचं कशावरून? मैत्रीण नसती तर पेन मी देऊ शकले असते का? आणि मॅनेजर आता म्हणतात की यापुढे कुणीही विचारलं तर "खात्री देता येत नाही" एवढंच बोलायचं. हे बरोबर आहे का?

दादरकर
999 लगेच केलंस ते उत्तम. पण पेनच्या भानगडीत पडू नकोस. ते पेशंटने किंवा डॉक्टरनेच द्यायचं असतं, उद्या काही झालं तर तुझ्या अंगावर येईल. आधी सेट्रिझिनची गोळी द्यावी, दहा-पंधरा मिनिटं वाट बघावी.

अण्णा६२
मिसळीने मलाही हल्ली घसा खवखवतो, पोटात मुरडा येतो. तेल फार घालतात. वर दही घ्यावं, त्रास होत नाही.

मिसळवाली
अण्णा, तिचा श्वास बंद पडत होता हो. दह्याने नसतं भागलं.

नर्स_केतकी
मी बर्मिंगहॅमला इमर्जन्सी विभागात आहे. दादरकर, राग मानू नका, पण ती दहा-पंधरा मिनिटंच जिवावर बेततात. गोळीने खाज आणि गांधी कमी होतात. घशाची सूज आणि पडलेलं ब्लड प्रेशर तिला आवरत नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये जीव वाचवण्यासाठी ॲड्रेनलीनचं इंजेक्शन कुणीही देऊ शकतं. फक्त पेन पेशंटचं स्वतःचं असतं. शाळांना जादा पेन ठेवायची परवानगी 2017 पासून आहे, रेस्टॉरंटला नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: "तुझं पेन कुठे आहे?"

आता ओळखायचं कसं. आपल्याकडे ॲलर्जी म्हटलं की पित्त उठणार, गांधी येणार, असं डोक्यात बसलेलं असतं. येतात बऱ्याचदा, पण नाही आल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. घसा, श्वास आणि रक्ताभिसरण या तिन्हींवर लक्ष ठेव. आवाज बसणं, सारखं खाकरणं, गिळता न येणं. शिट्टी किंवा सततचा खोकला. अचानक चक्कर, पांढरं पडणं, गळून जाणं. खाल्ल्यानंतर यातलं एक जरी अचानक दिसलं तरी पुरे. त्या मुलीचा आवाज जाड झाला तोच इशारा होता.

वॉशरूमचं मात्र नीट लक्षात ठेव. लोकांना लाज वाटते, चारचौघांत उलटी होईल म्हणून उठून जातात आणि कडी लावून घेतात. एक तर ती व्यक्ती कुणाला दिसत नाही, आणि प्रेशर पडलेलं असताना उभं राहिलं की माणूस कोसळतो. त्यामुळे उठूच द्यायचं नाही. जमिनीवर आडवं करून पाय उंच करायचे. धाप लागली असेल तर पाय पसरून बसवायचं. पेन दिल्यावर बरं वाटलं तरी चालवायचं नाही.

पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, जीन्सवरूनही चालतं. फक्त खिसा आणि शिवण चुकव. एपिपेन असेल तर निळं टोपण काढायचं, केशरी टोक मांडीत दाबून 3 सेकंद धरायचं. जेक्स्ट असेल तर 10 सेकंद. वेळ लिहून ठेव. 5 मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन. दम्याचा पंप असला तरी आधी पेन, मग पंप. फोनवर "ॲनाफिलॅक्सिस" हाच शब्द वापर. आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही, काही तासांनी परत उलटू शकतं.

दादरकर
गोळीचं मागे घेतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पण ते खाजेसाठी असावं.

आर्याची_आई
माझ्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पुण्यात हॉटेलात "शेंगदाणे आहेत का" विचारलं की वेटर सरळ नाही म्हणतो, आणि कोशिंबीर येते कूट घातलेली. त्याच्या लेखी कूट म्हणजे शेंगदाणे नव्हेत! आता मी "दाण्याचं कूट, चटणी, दाण्याचं तेल, यातलं काही पडलंय का" असं रूपं सांगून विचारते. तुझ्या शेफने खोटं नाही सांगितलं गं, त्याच्या डोळ्यांसमोर अख्खे तीळ होते.

शेफ_नितीन
अगदी. म्हणूनच शेफच्या आठवणीला विचारायचंच नाही. डबा मागायचा, लेबल वाचायचं, पदार्थांच्या ॲलर्जनच्या तक्त्याशी ताडून बघायचं. लेबल नसलेला घरगुती मसाला किचनमध्ये येताच कामा नये, तो आत्याने केलेला असला तरी. भारतातून आणलेल्या पाकिटांतही जपून. आपल्या एफएसएसएआयच्या ॲलर्जनच्या यादीत तीळ आणि मोहरी नाहीत, त्यामुळे खालच्या ठळक सूचनेवर विसंबू नका, घटकांची अख्खी यादी वाचा. हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

2014 मध्ये नॉर्थ यॉर्कशायरात एका माणसाने "नट्स नकोत" सांगून करी मागवली, झाकणावर तसं लिहिलंही होतं. मालकाने बदामाच्या पावडरीऐवजी शेंगदाण्याची स्वस्त पावडर आणली होती. माणूस गेला, मालकाला 2016 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. घटक बदलला की तक्ता त्याच दिवशी बदलायचा, तो यासाठी.

मॅनेजरचं म्हणाल तर, एकाच तव्यावरून कण लागणार नाही याची खात्री नाही, असं सांगणं रास्त आहे. पण पदार्थात चौदापैकी काय घातलंय, हे सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हे वाक्य चालत नाही. खरंच जमत नसेल तर "तुम्हाला सुरक्षित जेवण देता येणार नाही" असं स्पष्ट सांगून नकार द्यावा.

आर्याची_आई
नकार ऐकून ऐकून आम्ही बाहेर जेवणंच सोडलंय. दरवेळी तोच सोपा मार्ग का?

शेफ_नितीन
ताई, शनिवारी रात्री साठ ऑर्डरी, दोन गॅस आणि एकच पळी असताना मी तरी नकारच देईन.

मिसळवाली
सगळ्यांचे आभार. काल तक्ता घेऊन शेफबरोबर एकेक डबा उघडला. तीळ आणखी एका ठिकाणी निघाले, भरल्या वांग्याच्या वाटणात. मसाला मालकांनी घरी नेला. मॅनेजर मात्र अजून त्याच वाक्यावर अडून आहेत. बुधवारी पेपर झाला की कळवते.