‘हॅलो’ म्हणून पलीकडे शांतता... तुम्ही काय करता?

अनुराधा_पुणे
काल शेजारच्या काकूंकडे बसले होते. फोन वाजला, पलीकडून ‘हॅलो’ आलं आणि पुढे काहीच नाही. काकूंनी दोन-तीनदा ‘कोण बोलतंय?’ विचारून ठेवून दिला. माझा जीव मात्र त्या फोनात अडकला. मी काही वर्षं एका मदतवाहिनीवर संध्याकाळच्या पाळीला फोन घ्यायचे, तिथे असे फोन नेहमीचे.

एक सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. बाईंचा आवाज, अगदी हळू ‘हॅलो’, मग बंद. मागे टीव्हीवर मालिका चालू, भांडी आदळल्याचा आवाज. मी म्हटलं, "तुमचा हॅलो ऐकू आला. मी इथेच आहे. सावकाश बोला." आणि गप्प बसले. मिनिटभराने पुन्हा तेवढंच, जरा वेगळ्या शब्दांत. नाव काय, कुठून बोलताय, काय झालंय, यातलं काही विचारायचं नसतं. बोलता येत नाही म्हणूनच तर माणूस गप्प आहे, आपण प्रश्न टाकत गेलो की तो आणखी दबतो.

मग वाटलं, घरात कुणी ऐकत असेल. म्हटलं, "आजूबाजूला कुणी असेल तर बोलू नका. मोबाईलवरचं कुठलंही आकड्याचं बटण एकदा दाबा, मला कळेल." बराच वेळ काही नाही. मग एक टूं. "आत्ता तुमच्या जिवाला धोका आहे का? असेल तर एकदा, नसेल तर दोनदा." दोनदा वाजलं. त्यानंतर मी अधूनमधून नुसतं "आहे हं मी" म्हणत राहिले. शेवटी दार लावल्याचा आवाज आला, मालिका दूर गेली आणि बाई बोलायला लागल्या. तोपर्यंत दहा-बारा मिनिटं तरी गेली असतील.

तुम्हाला असे फोन आलेत? किंवा तुम्ही केलेत? लिहा.

कोथिंबीरवडी
अगं हो!! माझी नणंद रोज व्हॉट्सॅपवर ‘हाय वहिनी’ टाकते आणि गायब. मी पोळ्या टाकून ‘बोल गं’ लिहिते, तर दोन तासांनी उत्तर. मी आता थेट फोनच लावते.

देशमुख_नाशिक
असे ब्लँक कॉल तीस सेकंदांत ठेवून द्यावेत. नंबर चालू आहे का हे बघायला मशीनवरून फोन लावतात, नंतर जाहिरातींचा भडिमार सुरू होतो. आमच्या दुकानाच्या नंबरवर रोज येतात.

अनुराधा_पुणे
@देशमुख_नाशिक, मशीनचं खरं आहे, आणि दुकानाच्या नंबरवर ठेवून देणंच बरोबर. पण त्यात बहुतेक वेळा सुरुवातीपासूनच शांतता असते. माणसाच्या आवाजात ‘हॅलो’ आलं आणि मग थांबलं, तर मी तरी तीस सेकंदांत ठेवणार नाही.

टॉवरवाला
मोबाईल नेटवर्कमध्ये काम केलंय म्हणून एक सांगतो. पलीकडचा माणूस बोलत नसतो तेव्हा त्याचा फोन पूर्ण आवाज पाठवतच नाही, बॅटरी वाचवतो. मग लाईन मेली असं वाटू नये म्हणून तुमचाच फोन बारीक खरखर तयार करून ऐकवतो. त्यामुळे नुसत्या खरखरीवरून तिकडे कुणी आहे असं समजू नका. श्वास, पंखा, भांडी ऐकू आली तर नक्की आहे. पण नवे फोन मागचे आवाज कापतात, त्यामुळे काहीच ऐकू आलं नाही म्हणजे कुणी नाही, असंही नाही.

बटणाची युक्ती चांगली. फोनवर बोटाने टकटक करायला सांगाल तर ती गोंगाट समजून गाळली जाऊ शकते, बटणाचा सूर बहुधा पोचतो. आणि कधीकधी आवाज एकाच बाजूने जातो. तो माणूस जीव तोडून बोलत असतो आणि तुम्हाला शांतता ऐकू येते!

शांताराम_काका
टॉवरवाला यांच्या शेवटच्या मुद्द्यासाठी आम्ही एक वाक्य ठरवलं होतं: "तुम्ही बोलत असाल तर आवाज पोचत नाहीये, फोन ठेवून पुन्हा लावा, मी उचलेन." हे लवकर म्हणायचं, पहिल्या दोन मिनिटांत. नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं, ऐकूनही काही म्हणत नाहीत.

मी बरीच वर्षं नव्या स्वयंसेवकांना शिकवलं. मुंबईत १९९६ साली सुरू झालेल्या १०९८ वर मुलांचेही असे गप्प फोन खूप येत. मूल आधी नुसता आवाज ऐकून बघतं, हा माणूस ओरडतो का, पुन्हा लावला तर हाच असतो का. नवीन मुलामुलींना शांतता सहन होत नाही, ती बडबड सुरू करतात. माझा नियम असा, की आपण जेवढं बोललो त्यापेक्षा जास्त वेळ गप्प राहायचं.

फोन संपवायचीही पद्धत हवी. अचानक ठेवायचा नाही. "मी आणखी दोन मिनिटं आहे, मग फोन ठेवेन. आज बोलणं झालं नाही तरी चालेल, उद्या लावा," असं सांगायचं आणि बरोबर दोन मिनिटं थांबायचं. रडणं किंवा जोराचा श्वास ऐकू आला तर मात्र आत्महत्येचा विचार येतोय का, हे सरळ त्याच शब्दांत विचारायचं, बटणाने उत्तर द्यायला सांगून. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

ओवी
पंधरा मिनिटं लाईन अडकली तर दुसऱ्या कुणाला एंगेज लागेल ना? त्याचं काय?

शांताराम_काका
@ओवी, यावर आमच्यात नेहमी वाद व्हायचा. काही ठिकाणी पाच मिनिटांची मर्यादा असते. मला ती कमी वाटते, पण रात्री दोनच लाईन असतील तर मीही ताणत नसे.

नाव_नको
मी तो फोन केलाय. बारावीच्या निकालानंतर. हॅलो म्हटलं आणि घसा बंद झाला. पलीकडच्या ताईंनी "रडू येत असेल तर रडून घ्या, मी फोन ठेवत नाही, उद्याही लावा" एवढंच म्हटलं. मी काहीच न बोलता ठेवला. दुसऱ्या दिवशी परत लावला, तेव्हा वेगळेच दादा होते, पण मी बोलू शकले. ‘उद्याही लावा’ हे आदल्या दिवशी ऐकलं होतं म्हणून लावला. घाईत लिहितेय, बाळ उठलंय.

अनुराधा_पुणे
@नाव_नको, लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्हाला दुसऱ्या बाजूचं कधी कळतच नाही.

मीनल_सांगली
धाग्याशी संबंध आहे का माहीत नाही. आमचे आप्पा दारात आलेल्याला "या" म्हणाले आणि नुसते बघत राहिले, काही केल्या बोलेनात. घाम फुटलेला. मधुमेह आहे, साखर तपासली तर ५२. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांत माणसात आले. माणूस समोर असेल तर आधी हे बघा.

टॉवरवाला
@मीनल_सांगली, आणि तोंड एका बाजूला ओढलंय का, दोन्ही हात वर होतात का, तेही. तसं असेल तर पाणीसुद्धा न पाजता १०८.

कोथिंबीरवडी
बाई गं, मी काहीतरी भलतंच लिहिलं वर 🙈 इंग्लंडमधली मावसबहीण सांगत होती, तिकडे ९९९ ला मोबाईलवरून फोन लावून बोलता येत नसेल तर ५५ दाबायचं, मग पोलिसांकडे जोडतात. आपल्या ११२ ला असं काही आहे का?

देशमुख_नाशिक
भाच्याला विचारतो, तो पोलिसात आहे.
अनुराधाताई, बोलायला कुणी हवं असेल तर सध्या कुठला नंबर द्यावा? दुकानात काम करणाऱ्या एका पोराचं काही खरं दिसत नाही.

अनुराधा_पुणे
टेली-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि दादा, नुसता नंबर देऊ नका. दुकान बंद करताना त्याच्याजवळ बसा, तो गप्प राहिला तरी लगेच उठू नका.

ओवी
वाचतेय. बसमध्ये आहे, माझाही एक आहे, घरी जाऊन लिहिते.