मदत हवी आहे: तोंडी परीक्षेत फोटोचं वर्णन, मुलगी वीस सेकंदांतच थांबते

मनीषनगरची आई

माझी मुलगी नववीत आहे. केंब्रिजची बी-१ प्रिलिमिनरी ही इंग्रजीची परीक्षा देतेय. लेखी भागाची काळजी नाही, अडतंय ते तोंडीच्या दुसऱ्या भागात. तिथे हातात एक रंगीत फोटो देतात आणि साधारण मिनिटभर एकटीनं बोलायचं असतं. तयारीला वेळ नसतो. क्लासमधल्या सराव तोंडीत ती वीस-बावीस सेकंदांत गप्प झाली. बाई म्हणाल्या, "वाक्यं चुकतात आणि अंदाज ठोकून देतेस." पण नेमकं कुठं चुकतं ते काही सांगितलं नाही.

काल घरी पुन्हा तोच फोटो दिला आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. फोटोत रेल्वेचा फलाट आहे. मधोमध बाकावर एक माणूस, शेजारी पिवळा रेनकोट घातलेली मुलगी, हातात मिटलेली छत्री. माणूस घड्याळात बघतोय. मोठी तपकिरी सुटकेस आहे. मागे चहाची टपरी. ती जे बोलली ते जसंच्या तसं:

"धिस इज रेल्वे स्टेशन. वन मॅन सिट्स ऑन बेंच. ही इज हॅविंग ब्राउन बॅग. वन गर्ल इज देअर. ही विल बी हर फादर. मोस्टली देअर ट्रेन इज लेट. टी शॉप इज… बॅकसाइड."

आणि संपलं. पुढं काय बोलायचं असतं? आणि यात नेमकं काय काय चुकलंय?

वर्धारोडकर

ताई, हे तर आपल्या नागपूरकरांना सगळ्यात सोपं आहे. आपण "जेवून राहिला", "पाहून राहिली" म्हणतोच ना? जिथं "राहिला" लागते तिथं इंग्रजीत इज आणि आयएनजी लावायचं. "पाहून राहिला" म्हणजे "इज लुकिंग". मी माह्या भाच्याले असंच शिकवलं, पोट्ट्यानं दोन दिवसांत पकडलं. तिला म्हणा, आधी मनात आपल्या बोलीत बोल, मग इंग्रजीत कर.

फुटाळा२२

मी मागच्या वर्षी पीटीई ही इंग्रजीची परीक्षा दिली. त्यात चित्राचं वर्णन करायचं असतं, डिस्क्राइब इमेज, त्याला २५ सेकंद तयारी आणि ४० सेकंद बोलणं. सगळ्यात मोठा आकडा सांगायचा, सगळ्यात लहान सांगायचा, मग चढ आहे की उतार ते सांगायचं. एक साचा पाठ केला की झालं.

खडूफळा

फुटाळा, तुमच्या परीक्षेत बहुतेक वेळा आलेख येतात आणि बोलायचं असतं संगणकाशी. इथे फोटोत माणसं असतात. समोर एक परीक्षक बोलतो, दुसरा ऐकून गुण देतो. आकड्यांचा साचा इथे लागू पडत नाही.

वर्धारोडकरांचं "राहिला" मला आवडलं. मी स्वतः अनेक वर्षं वर्गात ते वापरलंय. पण ते अर्ध्या रस्त्यापर्यंतच नेतं, आणि ताई, तुमची लेक नेमकी उरलेल्या अर्ध्यात अडकलीये. "बाकावर बसून राहिला" असं आपण त्या फोटोबद्दल म्हणू का? नाही. आपण म्हणतो "बसला आहे". कुणी "उभं आहे", रेनकोट "घातला आहे", छत्री "धरली आहे". मराठीत बसण्याची क्रिया होऊन गेली, आता उरली ती अवस्था. म्हणून मुलांना तिथे आयएनजी सुचतच नाही आणि "सिट्स" येतं. इंग्रजी मात्र ते बसणं अजून चालू आहे असं धरतं: इज सिटिंग, इज वेअरिंग, इज होल्डिंग. आणि फोटोतली माणसं निम्मा वेळ हेच करत असतात.

उलट बाजूनंही फसगत होते. "मला वाटून राहिलं" आपण सर्रास म्हणतो, पण तिथे "आय थिंक" पुरे. बॅग जवळ असणं ही काही हालचाल नाही, म्हणून "ही हॅज अ बॅग". "हॅविंग" चहा पिताना चालेल, बॅगेला नाही. मी मुलांना सांगायचे, अंगानं जे धरून ठेवलंय किंवा चाललंय त्याला आयएनजी. ज्याची नुसती मालकी आहे किंवा जे नुसतं मनात आहे, त्याला नको.

आता अंदाज. "ते तिचे वडील असतील" यातलं "असतील" मुलीनं सरळ "विल बी" केलं. परीक्षकाला ते पक्कं सांगितल्यासारखं ऐकू जातं. तिथे "माइट बी" हवं. "मोस्टली" तर आपल्याकडे घरोघरी आहे. "बहुतेक" हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो, "बहुतेक मुलं" आणि "बहुतेक येईल". इंग्रजीत पहिल्याला मोस्ट, दुसऱ्याला प्रॉबेब्ली. आणि अंदाजाला फोटोतलाच पुरावा जोडायचा. तिथेच मिनिट भरतं, कारण प्रत्येक अंदाजामागे "बिकॉज" येतो.

मनीषनगरची आई

मॅडम, हे कुणीच सांगितलं नव्हतं. याच फोटोवर एकदा पूर्ण बोलून दाखवाल का? आणि "बॅकसाइड"चं काय करायचं?

खडूफळा

"बॅकसाइड" म्हणजे इंग्रजीत पार्श्वभाग, बसायचा. तो शब्द घरातूनच काढून टाका. माणसाच्या मागे असेल तर "बिहाइंड देम", चित्रात लांब मागे असेल तर "इन द बॅकग्राउंड".

मी असं बोलेन, आधी सगळं चित्र, मग मधली माणसं, मग कडेचं आणि मागचं:

"धिस फोटो शोज अ रेल्वे प्लॅटफॉर्म. इन द मिडल, अ मॅन अँड अ गर्ल आर सिटिंग ऑन अ बेंच. द गर्ल इज वेअरिंग अ यलो रेनकोट अँड शी इज होल्डिंग ॲन अंब्रेला, सो इट माइट बी रेनिंग आउटसाइड. द मॅन इज लुकिंग ॲट हिज वॉच. परहॅप्स देअर ट्रेन इज लेट. ही माइट बी हर फादर, बिकॉज दे आर सिटिंग व्हेरी क्लोज टुगेदर. नेक्स्ट टू द बेंच देअर इज अ बिग ब्राउन सुटकेस, सो दे आर प्रॉबेब्ली गोइंग अवे फॉर अ फ्यू डेज. इन द बॅकग्राउंड आय कॅन सी अ स्मॉल टी स्टॉल. द गर्ल लुक्स अ बिट टायर्ड."

घाई न करता म्हटलं तर मिनिटाच्या आसपास जातं. थोडं कमी पडलं तर टपरीवर कोण काय करतंय ते सांगायचं. गोष्ट रचायची नाही. "ते आजीकडे चाललेत" हे फोटोत कुठंच दिसत नाही.

पाठ मात्र करू देऊ नका. फोटो बदलला की पाठांतर गळून पडतं.

वर्धारोडकर

मॅडम, "बसला आहे"चं पटलं. मी भाच्याले तेवढं सांगितलंच नव्हतं. पण "विल बी" चूकच कशी? इंग्रजी सिनेमात दार वाजलं की "दॅट विल बी द पोस्टमन" म्हणतात ना.

खडूफळा

म्हणतात, बरोबर आहे. पण ते पोस्टमनची वाट पाहत असतात, त्यांना जवळपास खात्री असते. अनोळखी माणसाचा फोटो पाहून तशी खात्री कुठून येणार? तरी माझ्या ओळखीचे एक शिक्षक "विल बी"ला चूक मानत नाहीत, आमचं त्यावर अजून जुळलेलं नाही. मुलीला मी "माइट"च देईन.

मनीषनगरची आई

आज नवा फोटो दिला, बाजारातला. ४८ सेकंद बोलली! "इज स्टँडिंग" आलं, "माइट" दोनदा आलं. दोन ठिकाणी अडखळली. "शी लुक्स लाइक टायर्ड" म्हणाली. आणि भाजीवाली गिऱ्हाइकाच्या "समोर" उभी होती, तर "इन फ्रंट ऑफ" म्हणाली. मधे गाडा आहे, दोघी एकमेकींकडे तोंड करून आहेत. हे बरोबर का?

खडूफळा

"लुक्स टायर्ड". "लाइक" नंतर नाम येतं, "लुक्स लाइक अ मार्केट". समोरासमोर, मधे काही असेल तर "ऑपोझिट". "इन फ्रंट ऑफ" ऐकून एक दुसरीकडे पाठ करून रांगेत उभी आहे असं डोळ्यांपुढे येऊ शकतं. मराठीत दोन्हीला "समोर"च, म्हणून हे लवकर सुटत नाही.

फुटाळा२२

आणि डावीकडे म्हणताना कुणाचं डावं? फोटोतल्या माणसाचं की आपलं?

खडूफळा

"ऑन द लेफ्ट" म्हणजे बघणाऱ्याचं डावं. माणसाचं हवं असेल तर "ऑन हिज लेफ्ट". मुलांना फोटोच्या कडेवर बोट ठेवून बोलायला लावा, गोंधळ कमी होतो.

मनीषनगरची आई

उद्या बोट ठेवूनच घेते. शनिवारी पुन्हा सराव तोंडी आहे, रेकॉर्डिंग करू दिलं तर इथे लिहीन.