वार्षिक सभेतील जमाखर्च आणि न जुळलेले वीस हजार

बी-५०२ (रात्री ८:१२): सर्व सभासदांना नमस्कार. कालच्या सभेत वाटलेला जमाखर्चाचा एकपानी तक्ता मी आज दुपारी शांतपणे बसून पुन्हा बेरीज करून पाहिला. खर्चाच्या सहा रकमा मिळवल्या तर १४.८ लाख होतात आणि खाली एकूण खर्च १५.० लाख छापलेला आहे. ०.२ लाख म्हणजे वीस हजार रुपये होतात. हे वीस हजार कोठे गेले, याचे उत्तर खजिनदार साहेबांनी सर्वांसमोर द्यावे, ही विनंती.

ए-६०३ (८:१९): काका, आपण सभेतून लवकर गेलात. खजिनदार साहेबांनी याच विषयावर सुरुवातीला पाच मिनिटे भाषण केले होते.

बी-५०२ (८:२१): मी लवकर का गेलो, हे ज्यांना माहीत असायला हवे त्यांना माहीत आहे. माझा प्रश्न भाषणाबद्दल नाही, बेरजेबद्दल आहे.

सचिव (८:३०): कृपया सर्वांनी संयम ठेवावा. खजिनदार साहेबांनी आपले भाषण लेखी स्वरूपात येथे द्यावे, म्हणजे जे उपस्थित नव्हते त्यांनाही ते वाचता येईल.

खजिनदार (९:०५): सभेत बोललो ते जसेच्या तसे लिहीत आहे.

"सभासदहो, गेल्या वर्षीच्या सभेत आपला मोठा वेळ सभेच्या चहापानाच्या बिलावर गेला आणि पावणेसहा लाखांच्या सुरक्षा रक्षकांच्या करारावर एकही प्रश्न आला नाही. पडद्यावर चाळीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत पैशांपर्यंतचे आकडे होते. मागच्या रांगेतील एका आजींनी तीन लाखांवरची वीजबिलाची रक्कम एकतीस हजार अशी वाचली, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. म्हणून या वर्षी सभेपुरता तक्ता आपण लाखांत आणि एका दशांशापर्यंत दाखवत आहोत. ३.१ म्हणजे तीन लाख दहा हजारांच्या आसपास, पाच हजार इकडे किंवा तिकडे. कोणता खर्च मोठा आणि कोणता लहान, हे यातून एका नजरेत कळावे एवढाच उद्देश आहे. रोजकीर्द, खातेवही, आपली देयके आणि लेखापरीक्षकांनी सही केलेला ताळेबंद यांत एका पैशाचाही फेर केलेला नाही. ते सर्व रुपये-पैशांतच आहे आणि त्याची प्रत प्रत्येकाच्या अहवालात मागे जोडलेली आहे. तक्त्यातील आकडे एकमेकांत मिळवल्यास बेरीज थोडी कमी-जास्त येऊ शकते. तसे आढळले तर मला अवश्य विचारा."

बी-५०२ (९:११): "थोडी" म्हणजे वीस हजार? माझा प्रश्न कायम आहे. वीस हजार कोठे गेले?

सी-१०४ (९:२४): मी पस्तीस वर्षे हिशेबाच्या कामात होते, म्हणून दोन शब्द लिहिते. बी-५०२चे काका, आपली बेरीज बरोबर आहे आणि तक्त्यातील एकूण रक्कमही बरोबर आहे. अहवालाच्या मागच्या पानावरील रुपयांतील आकडे समोर ठेवले म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते दिसेल.

पाणीपट्टी २,४६,३८० → २.५
सुरक्षा रक्षक ५,७४,२०० → ५.७
लिफ्टची देखभाल १,३३,४०० → १.३
सामायिक वीज ३,१४,७५० → ३.१
साफसफाई २,२४,६०० → २.२
सभा व किरकोळ ४,३०० → ०.०
एकूण १४,९७,६३० → १५.०

आता प्रत्येक ओळीत काय झाले ते पाहा. पाणीपट्टी ३,६२० रुपयांनी वर गेली. बाकीच्या पाचही रकमा मात्र योगायोगाने खाली आल्या: सुरक्षेत ४,२००, लिफ्टमध्ये ३,४००, विजेत ४,७५०, सफाईत ४,६०० आणि किरकोळ खर्चाचे पूर्ण ४,३००. हे सर्व मिळून २१,२५० सुटले, त्यातून वर गेलेले ३,६२० वजा केले तर १७,६३० राहतात. दुसरीकडे एकूण रक्कम १४,९७,६३० वरून पंधरा लाखांवर नेताना २,३७० रुपये वाढले. १७,६३० आणि २,३७० यांची बेरीज बरोबर वीस हजार. पैसे कोठेही गेलेले नाहीत.

ए-६०३ (९:३१): ताई, हे फार स्पष्ट झाले. पण मग एकूण रकमेच्या जागी सरळ १४.८ च का छापले नाही? निदान पानावर तरी जुळले असते.

सी-१०४ (९:४०): कारण ते खोटे ठरले असते. खरा खर्च १४,९७,६३० आहे, आणि त्याला सर्वांत जवळचा आकडा १५.० आहे. १४.८ छापले असते, तर पान जुळावे म्हणून आपण साडेसतरा हजारांहून अधिक खर्च लपवला असता. काही जण याच्या उलट करतात, म्हणजे एखाद्या मोठ्या ओळीत गुपचूप ०.१ किंवा ०.२ घालून बेरीज जुळवतात. ते तर अधिकच वाईट, कारण मग ती ओळ चुकीची होते आणि कोणती चुकीची आहे हे कोणालाच कळत नाही. नियम एवढाच की प्रत्येक रक्कम, एकूण रकमेसह, मूळ रुपयांवरून स्वतंत्रपणे जवळच्या दशांशावर आणावी, आणि बेरीज का जुळत नाही ते तक्त्याखाली एका वाक्यात लिहावे.

खजिनदार (९:४६): ताईंनी सांगितलेला नियमच संगणकावर पाळलेला आहे. शंका असल्यास हे दोन सूत्र पाहावेत. दुसऱ्यात बेरीज आधी आणि पूर्णांकन नंतर आहे.

```
=ROUND(B2/100000,1)
=ROUND(SUM(B2:B7)/100000,1)
```

तक्त्याखाली "बेरजेतील फरक पूर्णांकनामुळे" असे वाक्य घालायला हवे होते. ते राहिले, ही माझी चूक आहे.

बी-५०२ (९:५२): चूक मान्य केल्याबद्दल आभार. पण उद्या खरोखरच वीस हजारांचा घोळ झाला, तर तोही "पूर्णांकनामुळे" या वाक्याखाली झाकला जाणार नाही कशावरून?

सी-१०४ (१०:०३): हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर मोजता येते. एका आकड्यात जास्तीत जास्त चूक पाच हजारांची असू शकते. आपल्या तक्त्यात सहा ओळी आणि एक बेरीज, असे सात आकडे आहेत. सातही आकड्यांची चूक एकाच दिशेने साचली तरी ती पस्तीस हजारांपुढे जाऊ शकत नाही, म्हणजे कागदावर ०.३ पेक्षा अधिक फरक दिसूच शकत नाही. ०.४ दिसला तर पूर्णांकन हे कारण असणे शक्य नाही आणि तेथे खरी चूक आहे असे समजावे. मात्र ०.३ च्या आतील फरक निर्दोष आहे, हे केवळ या पानावरून कधीच सिद्ध होत नाही. त्यासाठी मागचे रुपयांचे पान उघडावेच लागते, म्हणून ते पान सोबत जोडण्याचा आग्रह मी समितीच्या बैठकीत धरला होता.

बी-२०१ (१०:०८): मला दुसरीच अडचण आहे. गेल्या वर्षी पाणीपट्टी २.४ होती, या वर्षी २.५ आहे. दहा हजार रुपये वाढले कसे? आमच्या मजल्यावर तर मे महिन्यात पाणी धड येतही नव्हते. यावर कोणी बोलणार आहे का?

खजिनदार (१०:१५): गेल्या वर्षी पाणीपट्टी २,४४,९०० होती आणि या वर्षी २,४६,३८० आहे. खरी वाढ १,४८० रुपयांची आहे. पहिली रक्कम २.४५ च्या किंचित अलीकडे आणि दुसरी किंचित पलीकडे पडल्यामुळे कागदावर ती दहा हजारांची दिसते. दोन वर्षांची तुलना या तक्त्यावरून करू नये. ती करायची तर आधी रुपयांत वजाबाकी करून मग वाढ लिहावी लागेल. पुढच्या वर्षीपासून वाढ-घट हा रकाना मी रुपयांतच देईन. मे महिन्यातील पाण्याचा विषय सचिवांकडे आहे.

बी-२०१ (१०:१७): सचिवांकडे तो तीन वर्षे आहे.

सचिव (१०:२०): ताई, त्याबद्दल मी आपल्याशी उद्या स्वतंत्रपणे बोलतो. येथे हिशेबाचाच विषय राहू द्यावा.

ए-६०३ (१०:२६): एकाऐवजी दोन दशांश का घेत नाही? मग चूक पाचशे रुपयांपर्यंतच राहील आणि ही चर्चाच उद्भवणार नाही.

खजिनदार (१०:३८): मी तसा कच्चा तक्ता आधी केला होता. त्यात २.४६, ५.७४, १.३३, ३.१५, २.२५ आणि ०.०४ असे आकडे येतात. त्यांची बेरीज १४.९७ होते आणि खरी एकूण रक्कम १४.९८ येते. म्हणजे फरक लहान होतो, पण जात नाही, आणि पडद्यावर आकडे पुन्हा तेवढेच दाट दिसू लागतात. पंधरा लाखांच्या एकूण रकमेत पाच हजारांची संदिग्धता चर्चेसाठी चालण्यासारखी आहे असे मला वाटले. लिफ्टच्या १.३ सारख्या लहान रकमेत मात्र तेच पाच हजार जवळजवळ चार टक्के होतात, हे मी मान्य करतो.

सी-१०४ (१०:४४): कंपन्यांच्या कायद्यात अशा पूर्णांकनाची रीतसर तरतूद आहे. २०१३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात लाख आणि त्यांचे दशांश चालतात, पण एकदा जे एकक घेतले तेच सर्व विवरणांत सारखे ठेवावे लागते. आपली संस्था सहकार कायद्याखाली येते, त्यामुळे तो नियम आपल्याला लागू नाही. तरीही एकच एकक सर्वत्र ठेवण्याची शिस्त घेण्यासारखी आहे. आपल्या तक्त्यात खर्च लाखांत आहे आणि त्याच पानावर सभासदांची थकबाकी रुपयांत आहे. हे एका पानावर नसावे. थकबाकी कोणाच्या तरी नावावरची असते, तिचे पूर्णांकन कधीच करू नये. ती वेगळ्या पानावर रुपयांत द्यावी.

खजिनदार (१०:५०): मान्य आहे. सुधारित प्रतीत ते वेगळे करतो.

बी-५०२ (१०:५५): वीस हजारांचा खुलासा मला पटला. पण किरकोळ खर्चापुढे ०.० छापले आहे, ते मला आजही खटकते. ०.० वाचून कोणीही समजेल की सभेवर काहीच खर्च झाला नाही. ४,३०० रुपये खर्च झाले आहेत. ते कशावर?

खजिनदार (११:०४): काका, हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. जेथे खर्चच नाही तेथे आडवी रेघ, आणि जेथे खर्च आहे पण तो पाच हजारांच्या आत आहे तेथे ०.० न छापता तळटीप देऊन रुपयांत रक्कम, असे सुधारित प्रतीत करतो. ४,३०० चा तपशील असा: खुर्च्यांचे भाडे २,४००, चहापान १,३५० आणि अहवालाच्या प्रती ५५०. तिन्ही पावत्या कार्यालयात आहेत. सभासद म्हणून त्या पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. रविवारी दहा ते बारा मी तेथे बसतो.

बी-५०२ (११:०९): रविवारी येतो. तळटीप मोठ्या अक्षरात छापावी, गेल्या अहवालातील वाचता येत नव्हती.