मदत हवी आहे: "शरीर एकदा शिकलं ना, मग परत सुई कशाला?" सहा वर्षांच्या लेकीला काय सांगू?

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी. लेक यंदा पहिलीत गेली. परवा तिला डीपीटीचा पाच-सहा वर्षांचा बूस्टर दिला. जाताना रिक्षात मी नेहमीचंच सांगितलं, की लस म्हणजे शरीरातल्या सैनिकांना शत्रूचा फोटो दाखवणं. घरी आल्यापासून प्रश्नांची सरबत्ती चालू आहे. सैनिकांना डोळे असतात का? लहानपणी फोटो दाखवला होता, मग ते विसरले का? आणि फोटो ठेवतात कुठे, माझ्या डोक्यात?

तिला काहीतरी सांगून गप्प बसवायचं नाहीये. सोपं हवं, पण खरं हवं. ही पोर चार दिवसांनी त्याच उत्तराचं दुसरं टोक पकडून येते.

पेठेतला_मी

विसरतात म्हणूनच तर बूस्टर! गोवराचा दुसरा डोसही त्यासाठीच असतो. आणि तिला सांगा, ताप आला म्हणजे लस लागू पडली. आम्हाला घरी हेच सांगायचे.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. ताई, सैनिक आणि फोटो दोन्ही सोडून द्या. मुलीला मंडईकडे न्या आणि रस्त्याकडेला बसणारा चावीवाला दाखवा. त्याच्याकडे वेगवेगळ्या दातांच्या चाव्यांचा केवढा तरी झुबका असतो. कुलूप समोर येण्याआधीच त्या चाव्या तयार असतात. आपल्या रक्तातही अशा कोट्यवधी पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीच्या अंगावरचा आकार वेगळा असतो. कुठला आजार येणार हे माहीत नसताना शरीराने त्या बनवून ठेवलेल्या असतात. डोळे कुणालाच नाहीत. लागतेय की नाही, एवढंच कळतं.

लस म्हणजे नुसतं कुलूप, मागे चोर नाही. दंडात टोचलेला पदार्थ काखेतल्या छोट्या गाठींपर्यंत पोचतो. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुतेक पेशी त्याला लागत नाहीत, पण एखादी ढिली का होईना, लागते. मग तीच पेशी भराभर वाढते. गंमत पुढे आहे. तिच्या पिल्लांचे आकार थोडेथोडे बदलतात, जणू कुणी कानस फिरवली. त्यातली जी जास्त घट्ट बसते ती टिकते, बाकीच्या मरून जातात. पहिल्या खेपेला या सगळ्याला एक-दोन आठवडे लागतात. शेवटी काही पेशी अँटीबॉडी बनवत बसतात, तर काही नुसत्या राखून ठेवल्या जातात. 'शिकणं' म्हणतात ते एवढंच: हजार नापसंत, एक पसंत, आणि तिची कानस.

आता दुसरा प्रश्न. डीपीटीतला टी म्हणजे धनुर्वात. त्या सुईत धनुर्वाताचा जंतू नसतोच, त्याचं विष असतं. ते फॉर्मॅलिनने निकामी केलेलं असतं, पण आकार बराचसा तसाच राहतो. खरं विष इतकं जहाल आहे की माणसाला आजारी पाडायला त्याचा कण पुरतो, आणि तेवढ्या कणाची या पेशींना धड चाहूलही लागत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही नंतर लस द्यावीच लागते. आजार होऊन गेला तरी शरीर काही शिकलेलं नसतं!

त्यामुळे इथे राखून ठेवलेल्या पेशी जाग्या होण्याची वाट बघून चालत नाही. विष नसांपर्यंत जायच्या आत त्याला पकडणाऱ्या अँटीबॉडी रक्तात आधीच फिरत असायला हव्यात, आणि त्या वर्षांगणिक कमी होत जातात. मुलीला सांगा, शरीर विसरलं नव्हतं, रक्तातला साठा उतरला होता. बूस्टर मिळाला की जुन्या पेशी चार-पाच दिवसांतच कामाला लागतात आणि साठा पूर्वीपेक्षा वर जातो.

पेठेतले मित्र, धनुर्वातापुरतं तुमचं बरंचसं जुळतं. गोवराचं कारण मात्र वेगळं आहे. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर देतात. काही बाळांच्या रक्तात तेव्हा आईकडून आलेल्या अँटीबॉडी शिल्लक असतात, त्या लसीतल्या अशक्त विषाणूला वाढण्याआधीच गाठतात. शंभरातल्या साधारण पंधरा बाळांना त्या वयात ती लस लागू पडत नाही. ती पंधरा कोण हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून 16 ते 24 महिन्यांत सगळ्यांनाच पुन्हा देतात. तो बूस्टर कमी आणि राहून गेलेल्यांसाठी दुसरी संधी जास्त. ताप न येताही लस उत्तम लागू पडते, तेव्हा तो निकष नको.

बाणेर_पळतो

माझं जरा वेगळं आहे. गेल्या महिन्यात पहाटे पळताना भटकं कुत्रं चावलं. रेबीजच्या पाच सुया घेतल्या: 0, 3, 7, 14, 28. पहिल्या दिवशी जखमेतच आणखी एक औषध टोचलं, ते सगळ्यात जास्त दुखलं. लहान मुलांनाही पाचच देतात का?

सूक्ष्मदर्शी

दंडात किंवा मांडीत देतात त्या पद्धतीत मुलांनाही हेच वेळापत्रक असतं. जखमेतलं औषध म्हणजे तयार अँटीबॉडी. वरच्या हिशोबाने तुमच्या स्वतःच्या पेशींना आठवडा-दोन आठवडे लागणार, विषाणू तेवढा वेळ देईलच असं नाही. म्हणून दुसऱ्या माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तात बनलेल्या अँटीबॉडी जखमेतच भरतात. त्या काही आठवड्यांत संपतात आणि मागे काही शिकवून जात नाहीत. ते काम पाच सुयांचं. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट 1966 मध्ये सुरू झाली तीही घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं औषध काढूनच.

आशाताई_हडपसर

मी नर्स आहे. या बूस्टरनंतर दंड दोन-तीन दिवस लाल, कडक होतो. चोळायचा नाही, गार पाण्याची घडी ठेवायची. तापाचं औषध वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. तीन दिवसांनंतरही ताप असेल किंवा सूज वाढतच असेल तर दाखवून आणा. आणि कार्ड जपा हो! पुढचं टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, दहाव्या वर्षी आणि मग सोळाव्या. दहा वर्षांच्या मुलांची कार्डं निम्म्या घरांत सापडत नाहीत.

कोथरूडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. चावीवाला लगेच पटला. "म्हणजे मला लागणारी चावी लस यायच्या आधीच माझ्यात होती?" असं म्हणून स्वारी खूश झाली. आता पुढचा प्रश्न: राखून ठेवलेली पेशी म्हातारी होऊन मेली तर?

सूक्ष्मदर्शी

शाब्बास! अँटीबॉडी बनवणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन राहतात आणि तिथे वर्षानुवर्षं जगतात. राखीव पेशी काखेतल्यासारख्या गाठींत आणि प्लीहेत असतात, त्या अधूनमधून दुभंगून आपली जागा भरत राहतात. तेव्हा तिचा तिसरा प्रश्नही सुटला, डोक्यात काही नसतं. गोवराचं संरक्षण बहुतेकांना जन्मभर पुरतं, धनुर्वाताला मात्र दर दहा वर्षांनी डोस सांगतात. मगजातल्या काही पेशी इतकी वर्षं का टिकतात आणि काही का नाही, यावर अजून संशोधन चालू आहे. तिला तसंच सांगा.

पेठेतला_मी

गोवराचं नव्याने कळलं, धन्यवाद. पण मग खिळा लागला की दर वेळी इंजेक्शन घेतो ते?

आशाताई_हडपसर

दर वेळी लागत नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील आणि शेवटचा पाच वर्षांच्या आतला असेल, तर मातीच्या जखमेलाही पुन्हा नको. साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षं धरतात. पण शेवटचा कधी घेतला हे विचारलं की लोक छताकडे बघतात, म्हणून टोचतो आम्ही.