चार कडवी ‘तो’, शेवटी ‘तू’

>> ‘अभंग साहित्य म्हणून वाचायचा, तर भक्ती बाजूला ठेवावी लागते का?’

मला तरी नाही वाटत. जनाबाईंचा ‘धरिला पंढरीचा चोर’ घ्या. गळ्यात दोर, पायात बेडी, बंदिखाना, मग मार: सगळा मामला कोतवालीचा. नामदेवांच्या घरची दासी इथे हुकूम चालवते. मात्र बंदिखाना म्हणजे हृदय, आणि मार ‘सोहं’ शब्दाचा. ‘तोच मी’ हा अर्थ ठाऊक नसेल, तर नुसती दांडगाई दिसेल. ठाऊक असेल तर कळतं, की या माराने कैदी आणि पहारेकरी यांतला भेदच मिटायला हवा.

पण तो मिटत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. चार कडवी विठ्ठलाबद्दल बोलून शेवटी जनी एकदम त्याच्याकडे वळते: ‘जनी म्हणे बा विठ्ठला । जीवें न सोडीं मी तुला ॥’ ‘सोहं’नंतरही ‘मी’ आणि ‘तू’ शाबूत! अद्वैत माहीत असूनही तिला समोर कुणीतरी हवाच आहे. हे संबोधन बघितल्याशिवाय भक्ती कळायची कशी?

फलटणकडे भजनात दर कडव्यानंतर ध्रुपद घोळवतात, त्यात हे वळण जरा बुजतं. म्हणून एकदा न गाता, सलग वाचून बघा.