एकुलता अ‍ॅडमिन निघून गेला आणि हक्क भलत्याकडे गेले. सोसायटीचा ग्रुप आता कोणाचा?

दुसरा मजला

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नऊ वर्षं एकच अ‍ॅडमिन होते, आमचे सेक्रेटरी. ते फ्लॅट विकून गेले आणि परवा ग्रुपमधूनही बाहेर पडले. उरलो आम्ही १४१ जण. आता यादीत अ‍ॅडमिन म्हणून एक जुना भाडेकरू दिसतोय, दोन वर्षांपूर्वीच नागपूरला गेलेला. कमिटीतल्या सात जणांपैकी एकालाही नवीन माणूस घेता येत नाही की कुणाला काढता येत नाही. हक्क त्याच्याकडे गेलेच कसे, आणि ते त्याच्याकडे राहावेत का? माझं मत, हा ग्रुप सोडून नवा काढावा.

मंजिरी, ठाणे

नवा अजिबात काढू नका. हक्क ज्येष्ठतेनं जातात. सेक्रेटरींनी ग्रुप काढला तेव्हा तो भाडेकरू पहिला घेतला असणार, म्हणून त्याच्याकडे आले. आमच्या महिला मंडळात अध्यक्षा बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्यानंतर सगळ्यात आधी आलेल्या माझ्या जाऊबाई अ‍ॅडमिन झाल्या. नियम चांगलाच आहे, फक्त तुमच्या नशिबी पहिला माणूस भाडेकरू आला.

विजय_नाशिक

मंजिरीताई, तुमच्या जाऊबाईंचा तो योगायोग. ज्येष्ठतेचा नियम नाही. एकुलता अ‍ॅडमिन बाहेर पडला की उरलेल्यांतून कोणाही एकाला अ‍ॅडमिन केलं जातं, असं व्हॉट्सअ‍ॅपच्या मदतपानावरच आहे. चिठ्ठी काढावी तसं. १४१ चिठ्ठ्यांत कमिटीच्या सात, म्हणजे योग्य माणसाकडे जायची शक्यता शंभरात पाच. नागपूरला जाणंच जास्त संभवनीय होतं.

दुसरा मजला, त्या भाडेकरूवर रागावण्याआधी एक लक्षात घ्या. त्याला कुणी विचारलेलं नाही. त्याच्या चॅटमध्ये फक्त `You're now an admin` एवढी एक ओळ आली असेल, आणि ती इतरांना दिसत नाही. दोन वर्षं तो ग्रुप त्यानं म्यूट करून ठेवला असेल तर त्याला अजून पत्ताही नसेल.

त्याला फोन करा. `Group info` उघडून कमिटीतल्या दोघांच्या नावावर बोट दाबून ठेवायचं आणि `Make group admin` निवडायचं, एवढंच त्याचं काम. पण क्रम चुकवू देऊ नका. "मी कशाला तुमच्या ग्रुपमध्ये, निघतोच" असं म्हणून तो आधी बाहेर पडला, तर पुन्हा १४० जणांत चिठ्ठी निघेल. आधी दोघांना अ‍ॅडमिन करायचं, तुम्ही यादीत ते डोळ्यांनी बघायचं, मग त्यानं जायचं.

कायद्याचं पहिलं वर्ष

सोसायटी नोंदणीकृत आहे, कमिटी निवडून आलेली आहे. तिथे अशी चिठ्ठी चालणंच मला पटत नाही. सिग्नल अ‍ॅपमध्ये एकुलता अ‍ॅडमिन निघायला लागला की आधी दुसरा अ‍ॅडमिन नेमायला लावतात, त्याशिवाय जाऊ देत नाहीत. किल्ली ठेवून जा, मग जा. इथेही तेच हवं होतं.

आणि त्या भाडेकरूचाही विचार करा. न मागता अ‍ॅडमिन झालेल्या माणसाला भीती वाटते की ग्रुपवर कुणी काही भलतं टाकलं तर पोलीस आपल्याकडे येतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला नुसता अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत असल्याखेरीज. प्रकरण गोंदियाचं होतं. फोनवर हे त्याला सांगा, घाईनं बाहेर पडायचं त्याचं एक कारण कमी होईल.

मंजिरी, ठाणे

चिठ्ठीच असेल तर ती ज्येष्ठतेपेक्षा वाईट. निदान जुना माणूस ग्रुप कशासाठी आहे हे जाणतो.

विजय_नाशिक

जुना माणूस जाणतो हे खरं, पण जुना नंबर जाणत नाही. नऊ वर्षांपूर्वी घेतलेल्या पहिल्या दहा नंबरांतले किती आज त्याच माणसाकडे असतील? मुलं परदेशात गेली, कुणी कंपनी बदलली, कुणी वारलं. ज्येष्ठतेनं दिलं तर जुन्या ग्रुपांत हक्क नेमके बंद पडलेल्या नंबरांकडे जाण्याचा धोका वाढतो. मी चिठ्ठीची बाजू घेत नाही. सिग्नलची रीत मलाही जास्त पटते. पण ती रीत फक्त स्वतःच्या हातानं निघणाऱ्या माणसाला लागू पडते. जो न सांगताच नाहीसा होतो त्याच्यापुढे तीही हतबल.

आबा, सातारा

आमचं भजनी मंडळ आहे. ग्रुप बुवांनी काढलेला, अ‍ॅडमिन ते एकटेच. फालतू संदेश नकोत म्हणून त्यांनी फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून ठेवलं होतं. बुवा वारले त्याला पाच महिने झाले. तुम्ही म्हणता हक्क आपोआप दुसऱ्याकडे जातात. आमच्याकडे कुणाकडेच आले नाहीत. ६० जण मुक्यासारखे बसलोय, एकादशीचा निरोपही देता येत नाही. आमचा नंबर चिठ्ठीत का लागला नाही?

विजय_नाशिक

आबा, बुवा गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. तुमची गोष्ट मूळ प्रश्नाहून वेगळी आहे. चिठ्ठी निघते ती अ‍ॅडमिन ग्रुपमधून बाहेर पडला तर. बुवा ग्रुपमधून बाहेर पडलेले नाहीत. त्यांचा नंबर अजून यादीत आहे आणि त्याच्यापुढे अ‍ॅडमिन लिहिलेलं आहे. माणूस गेला हे त्या यादीला कळत नाही.

खातं बंद झालं तर मात्र नंबर सगळ्या ग्रुपांतून निघतो. साधारण १२० दिवस कुणी वापरलं नाही तर व्हॉट्सअ‍ॅप खातं काढून टाकतं, आणि मग तुमच्या ६० जणांत चिठ्ठी निघायला हवी. पाच महिने होऊनही तसं झालं नाही, त्यावरून वाटतं की घरातलं कुणीतरी तो फोन मधून मधून उघडत असेल. वडिलांचे फोटो, जुने निरोप बघायला. उघडलं की दिवस पहिल्यापासून मोजले जातात.

तसं असेल तर तुमचं काम सोपं आहे. घरच्यांना विनंती करा की त्याच फोनवरून मंडळातल्या दोन-तीन जणांना अ‍ॅडमिन करावं. बुवांना ग्रुपमधून काढायची गरज नाही, नाव राहू द्या. फोन बिघडला असेल पण सिम चालू असेल, तर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून, आलेला कोड टाकून खातं उघडता येतं. हक्क फोनवर नसतात, नंबरावर असतात. बुवांनी सहा आकडी पिन ठेवला असेल आणि तो कुणालाच माहीत नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं. सिमकडे मात्र आत्ताच बघा. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यात पैसेही नसले तर तो बंद होऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो.

कायद्याचं पहिलं वर्ष

हे मला मान्य नाही. गेलेल्या माणसाचा फोन उघडायचा, त्याच्या नावानं बटणं दाबायची, आणि कशासाठी, तर ग्रुपसाठी? त्या फोनमध्ये त्यांचे खासगी निरोप असतील. आबांनी नवा ग्रुप काढावा. जुन्या यादीत ६० नंबर दिसतातच, एकेकाला निरोप पाठवता येतो. एका संध्याकाळचं काम.

आबा, सातारा

पोरी, तुझं म्हणणं समजलं. पण त्या ग्रुपवर बुवांच्या आवाजातले ४० अभंग आहेत, चाली शिकवायला टाकलेले. नव्या ग्रुपवर ते पुन्हा कोण घालणार? आणि फोन परक्यानं उघडायचा नाहीये, त्यांचा मुलगाच उघडेल. तोही आमच्यात टाळ धरतो.

कायद्याचं पहिलं वर्ष

मुलगा स्वतः तयार असेल तर माझी हरकत कमी होते, पूर्ण जात नाही. अभंग जुन्या ग्रुपवरून नव्यावर पाठवता येतात, आबा. ऐकता येतात तर पुढेही धाडता येतात. फक्त ज्याच्या फोनवर ते उतरवलेले आहेत त्यानं ते करावं. जुने ऑडिओ कुणाच्या फोनवर उरलेत हे आधी बघा.

मंजिरी, ठाणे

या बाबतीत मी आबांच्या बाजूनं. मुलानं आईवडिलांच्या घराची किल्ली वापरणं म्हणजे चोरी नव्हे.

दुसरा मजला

नागपूरला फोन लागला. विजय म्हणाले तसंच निघालं, त्याला काही माहीतच नव्हतं. "बरं झालं सांगितलंत, मी बाहेरच पडणार होतो आज" असं म्हणाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्याला थांबवलं, खजिनदारांना आणि मला अ‍ॅडमिन करून घेतलं, यादीत बघितलं, मग तो गेला.

नव्या ग्रुपचा माझा हट्ट मी सोडतो. पण दुसरा वाद निघाला. कमिटीतले एक काका म्हणतात, ठराव न करता तुम्ही दोघं अ‍ॅडमिन कसे झालात? उद्या आम्हा दोघांनाही काढून ते हक्क बळकावता येतील, असं त्यांना वाटतं.

विजय_नाशिक

काकांचा मुद्दा खरा आहे. अ‍ॅडमिन दुसऱ्या अ‍ॅडमिनचे हक्क काढून घेऊ शकतो, त्याला ठराव लागत नाही. तुमच्या ग्रुपवर आत्ता खजिनदार तुम्हाला आणि तुम्ही खजिनदारांना काढू शकता. म्हणून तिसरा माणूस घ्या, आणि तो काकांनाच करा. एकजण गेला, फोन हरवला तरी दोघं उरतात.

एक काम आजच करा. ग्रुपमध्ये येण्याची लिंक बदला. ती जुनी लिंक तुमच्या लिफ्टजवळच्या फलकावर चिकटवलेली असेल तर अजून चालत असणार. सेक्रेटरी गेले म्हणून ती बंद होत नाही, `Reset link` केल्यावरच होते.

दुसरा मजला

फलकावर आहे खरी, क्यूआर कोडसकट. खाली जाऊन काढतो. काका तिसरे व्हायला तयार नाहीत, त्यांना आधी सर्वसाधारण सभा हवी आहे. ती सप्टेंबरमध्ये.

आबा, सातारा

बुवांच्या मुलाशी बोललो. फोन आहे, सिम चालू आहे, तो रात्री वडिलांचे फोटो बघतो म्हणाला. ग्रुप उघडायला मात्र अजून मन होत नाही त्याचं. वर्षश्राद्धानंतर बघू म्हणाला. मी आग्रह केला नाही. सिममध्ये मात्र आज माझ्याकडून रिचार्ज मारून घेतलं.