बेरीज जुळते, तरी पेपर परत! तपासणाऱ्यांना उद्योग नाही का?

खडूधारी: मी काढलेला ४० गुणांचा पेपर तपासणीतून तिसऱ्यांदा परत आलाय. पाच प्रकरणं, प्रत्येकी ८ गुण. सोपे १२, मध्यम २०, कठीण ८. सगळं संविधान तक्त्याप्रमाणे, म्हणजे कुठल्या प्रकरणाला किती सोपे, मध्यम, कठीण गुण हे ठरवून देणाऱ्या तक्त्याप्रमाणे. तरी शेरा काय, तर 'विचलन आढळते'. कुणाला काही कळतंय?

तक्तेवाली: मला कळतंय, कारण मीही असे पेपर परत पाठवते आणि शिव्या खाते. तुम्ही फक्त कडेच्या बेरजा बघितल्यात. आतल्या चौकटी बघा. ते आठ कठीण गुण कुठल्या प्रकरणात आहेत?

खडूधारी: पाचव्यात. ३, ३ आणि २ गुणांचे तीन प्रश्न. अवघड प्रकरण तेच आहे, त्याला मी काय करू?

तक्तेवाली: आणि तक्त्यात?

खडूधारी: दुसऱ्यात ३, चौथ्यात २, पाचव्यात ३. पण एकूण ८च ना!

तक्तेवाली: म्हणूनच परत आला. पाचवं प्रकरण सोडून आलेल्या मुलाला तुमच्या पेपरात एकही कठीण प्रश्न दिसणार नाही. आता पाचव्यातला ३ गुणांचा एक कठीण प्रश्न काढून ३ चाच मध्यम घाला, आणि दुसऱ्यातला ३ चा मध्यम काढून तिथे ३ चा कठीण. २ गुणांची अशीच अदलाबदल चौथ्याशी. चार प्रश्न बदलतील, बेरजा हलणार नाहीत. पहिल्या शेऱ्यानंतर एकच प्रश्न बदललात ना?

खडूधारी: हो. मग कठीण ५ आणि मध्यम २३ झाले, म्हणून दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा वैतागून जुनाच पाठवला.

शाईचा डाग: माझ्या मुलीच्या पेपरात ८ गुणांच्या प्रकरणावर १२ गुणांचे प्रश्न छापले होते. हे कोण तपासतं?

तक्तेवाली: त्यातले ४ पर्यायाचे असतील. मात्र 'किंवा'च्या दोन्ही बाजू एकाच प्रकरणातल्या, एकाच काठिण्याच्या हव्यात. नाहीतर मूल काय निवडतं त्यावर तक्ता बदलतो.

भागाकार: अहो, मुळात 'कठीण' ठरवतं कोण? मी वर्गात फळ्यावर सोडवलेलं गणित आकडे बदलून घातलं, तर ते माझ्या वर्गाला सोपं. शेजारच्या वर्गाला कठीण. तुमचा तक्ता हवेत आहे.

तक्तेवाली: तक्ता हवेत नाही, प्रश्नावरची तुमची 'सोपा-कठीण'ची मोहर हवेत आहे. मी प्रश्नावरची मोहर झाकून आधी स्वतः सोडवते. किती पायऱ्या लागल्या, पहिली पायरी प्रश्नातच सांगितली आहे का, एवढं बघते आणि मग जुळवते.

भागाकार: म्हणजे तुमच्या अंदाजाने माझा अंदाज चूक. छान!

तक्तेवाली: दोन अंदाज वेगळे आले तर तो प्रश्न बोलण्यासारखा असतो, इतकंच. फळ्यावरच्या गणिताचं तुमचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

भागाकार: नोंद घ्या मंडळी, बाईंनी काहीतरी मान्य केलं.

खडूधारी: चार प्रश्न बदलतो. पण 'विचलन आढळते' या दोन शब्दांऐवजी 'पाचव्यातले ३ दुसऱ्यात न्या' असं लिहिलं असतं, तर माझा आठवडा वाचला असता.

तक्तेवाली: तो शेरा माझा नव्हता. पण हो, तसंच लिहायला हवं होतं.